सी.ओ.डी. की प्रीपेड? लहान ऑनलाइन विक्रेत्याचा परतीचा हिशेब

माल पोचल्यावर पैसे घेण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याने १८७७ साली व्ही.पी.ची, म्हणजे मूल्यदेय टपालाची, सोय सुरू केली. तेव्हापासून पुस्तके, औषधे, बी-बियाणे अशा कितीतरी वस्तू पोस्टमनच्या हाती रक्कम देऊन गावोगाव सोडवून घेतल्या गेल्या. न सोडवलेली व्ही.पी. परत आली की जाण्यायेण्याचा भुर्दंड पाठवणाऱ्यावर पडे. म्हणून अनेक विक्रेते मागणीपत्राबरोबर काही रक्कम आगाऊ मागवीत आणि उरलेल्या रकमेची व्ही.पी. करीत.

आज मागणीपत्राची जागा मोबाईलने घेतली आहे आणि व्ही.पी.ची जागा ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ने, म्हणजेच सी.ओ.डी.ने. २०१६ साली यू.पी.आय. सुरू झाल्यापासून आगाऊ रक्कम देणे, म्हणजे प्रीपेड व्यवहार करणे, खेड्यातल्या ग्राहकालाही सोपे झाले आहे. तरीही लहान विक्रेत्यापुढचा प्रश्न जुनाच आहे. ग्राहकाला दारात पैसे देण्याची मुभा द्यावी, तर पार्सले परत येतात. न द्यावी, तर ग्राहकच येत नाहीत. बचत गट, कारागीर आणि गृहउद्योग यांना मार्गदर्शन करणाऱ्यांसमोर हा प्रश्न वारंवार येतो. त्याचे उत्तर मतावर नव्हे, तर हिशेबावर ठरवावे लागते. तो हिशेब कसा मांडावा, हे येथे एका उदाहरणाने पाहू.

येथील विवेचन स्वतःच्या संकेतस्थळावरून, दूरध्वनीवरून किंवा व्हॉट्सॲपवरून मागणी घेऊन कुरिअरने माल पाठवणाऱ्या विक्रेत्यापुरते आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकताना सी.ओ.डी. ठेवायची की नाही आणि परतीचा खर्च कोणी सोसायचा, हे बहुधा त्या बाजारपेठेच्या अटींवर ठरते.

परतीचे दोन प्रकार

हिशेबाला हात घालण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. परत आलेले प्रत्येक पार्सल एकाच कारणाने परत येत नाही. पहिल्या प्रकारात पार्सल ग्राहकाच्या हाती पडतच नाही. तो घरी नसतो, पत्ता सापडत नाही, किंवा तो दारातूनच ‘नको’ म्हणतो. कुरिअरच्या व्यवहारात याला ‘रिटर्न टू ओरिजिन’ म्हणतात. आपण त्याला दारातून परत असे म्हणू. दुसऱ्या प्रकारात ग्राहक पार्सल घेतो, उघडतो आणि माप बसत नाही, रंग वेगळा निघाला किंवा माल सदोष आहे म्हणून परत पाठवतो. याला वापरातून परत म्हणू.

पैसे केव्हा घेतले याचा संबंध मुख्यतः पहिल्या प्रकाराशी आहे. ज्याने एक रुपयाही दिलेला नाही, त्याला दारात मन बदलणे सोपे असते. उलट चपलेचे माप चुकले, तर पैसे आधी दिले असोत वा नंतर, चप्पल परत यायचीच. म्हणून ‘सर्व ऑर्डर प्रीपेड केल्या की परती थांबतील’ ही समजूत अर्धीच खरी आहे. दोन्ही प्रकारांची नोंद वेगवेगळी ठेवल्याशिवाय उपाय कोठे करावयाचा ते कळत नाही.

एका चप्पल-केंद्राचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या लहान चप्पल-केंद्राचे उदाहरण कल्पू. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली असून महाराष्ट्र व कर्नाटकातील मिळून आठ जिल्हे तिच्या क्षेत्रात येतात. या केंद्राकडे मोबाईलवरून मागणी येते. पुढील आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येक विक्रेत्याने आपले आकडे आपल्या वहीतून काढावेत. सोयीसाठी विक्रीवरील वस्तू व सेवा कर बाजूला ठेवला आहे, आणि कुरिअर व पेमेंट गेटवे यांच्या दरांत त्यांचा कर धरला आहे.

चपलेचा एक जोड ग्राहकाला घरपोच ९०० रुपयांस दिला जातो. जोडाची उत्पादन किंमत ५६० रुपये आणि खोके व बांधणी यांचा खर्च २० रुपये आहे. कुरिअरचे जाण्याचे भाडे ९० रुपये. सी.ओ.डी. असेल तर रोख गोळा करण्याबद्दल कुरिअर कंपनी आणखी ४० रुपये घेते. प्रीपेड असेल तर पेमेंट गेटवेचा आकार सुमारे २० रुपये पडतो. म्हणजे सी.ओ.डी.चा जोड ग्राहकाने स्वीकारला तर केंद्राच्या पदरात १९० रुपये पडतात आणि प्रीपेडचा स्वीकारला तर २१०. येथवर पाहता फरक अवघा वीस रुपयांचा आहे, आणि म्हणूनच तो अनेकांना महत्त्वाचा वाटत नाही.

खरा फरक परतीत आहे. दारातून परत आलेल्या जोडावर जाण्याचे ९० रुपये गेलेलेच असतात. परत येण्याचे भाडे ८० रुपये पडते. खोके चेपलेले असते, त्याचे २० रुपये जातात. चप्पल पुन्हा पुसून तेलपाणी करण्यास १० रुपये लागतात. एकूण नुकसान २०० रुपये. बहुतेक करारांत अशा परतीवर सी.ओ.डी.चा आकार लावला जात नाही किंवा तो परत जमा होतो. मात्र आपल्या करारात तसे आहे की नाही, हे बिल तपासूनच ठरवावे. थोडक्यात, एक परत एका विक्रीचा संपूर्ण नफा खाऊन वर दहा रुपये घेऊन जाते.

आता शंभर सी.ओ.डी. ऑर्डर आल्या आणि त्यांपैकी पंचवीस दारातून परत आल्या असे समजू. पंचाहत्तर जोडांवर १४,२५० रुपये मिळतात, पंचवीस परतींवर ५,००० रुपये जातात आणि उरतात ९,२५० रुपये. ज्या जोडावर १९० रुपये सुटतात असे केंद्र समजत होते, त्यावर प्रत्यक्षात सुमारे १२३ रुपयेच सुटले. परतीचे प्रमाण शेकडा ४९ झाले, तर शंभर ऑर्डर पाठवूनही हाती काहीच उरत नाही, उलट पदरचे शंभरएक रुपये जातात. ऑर्डरींची संख्या वाढत असतानाही बँकेतली शिल्लक का घटते, या कोड्याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

यात आणखी एक न दिसणारा भार आहे. परत येणारा जोड जाऊन येईपर्यंत दोन ते चार आठवडे वाटेतच असतो. पंचवीस जोड म्हणजे १४,५०० रुपयांचा माल तेवढा काळ विकताही येत नाही आणि हातीही नसतो. जे जोड स्वीकारले गेले, त्यांची रक्कमही कुरिअर कंपनी ठरावीक दिवसांनी जमा करते. चामड्याचे पैसे रोख मोजणाऱ्या केंद्राला भांडवलाची ही अडकण भाड्याइतकीच जाचक ठरते.

सी.ओ.डी. बंद केली तर?

प्रीपेड ऑर्डरही थोड्या परत येतात, कारण चुकीचा पत्ता प्रीपेडमध्येही असतो. शंभरांत चार परत आल्या असे धरू. अशा परतीवर २०० रुपयांखेरीज गेटवेचे २० रुपयेही जातात, कारण ग्राहकाला पूर्ण रक्कम परत द्यावी लागते आणि गेटवे आपला आकार सहसा परत करीत नाही. शहाण्णव जोडांचे २०,१६० रुपये, वजा चार परतींचे ८८०, म्हणजे शंभर प्रीपेड ऑर्डरींवर १९,२८० रुपये. सी.ओ.डी.च्या ९,२५० रुपयांच्या हे दुपटीहून अधिक आहे.

परंतु हा आकडा पाहून सी.ओ.डी. तत्काळ बंद करणे घाईचे ठरेल. सी.ओ.डी. बंद होताच ते शंभरही ग्राहक आगाऊ पैसे भरतील असे नाही. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा: शंभरांपैकी किती टिकले म्हणजे नफा पूर्वीइतका राहील? पंचवीस परती असताना ९,२५० रुपये मिळत होते आणि प्रीपेडची एक ऑर्डर सरासरी १९३ रुपये देते. म्हणजे अठ्ठेचाळीस ग्राहक टिकले तरी नफा तेवढाच राहतो. परतीचे प्रमाण शेकडा दहाच असेल, तर सी.ओ.डी.वरच १५,१०० रुपये मिळत असतात आणि त्यांची भरपाई होण्यास एकोणऐंशी ग्राहक टिकावे लागतील. उलट परतीचे प्रमाण शेकडा चाळीस असेल, तर सी.ओ.डी.वर जेमतेम ३,४०० रुपये सुटतात आणि अठराच ग्राहक टिकले तरी पुरे.

निर्णयाचा सर्व भर या एका तुलनेवर आहे. परती थोड्या असतील, तर सी.ओ.डी. ठेवणे फायद्याचे आहे. तिला वाईट म्हणण्याचे कारण नाही. परती फार असतील, तर ती चालू ठेवणे म्हणजे कुरिअरचे भाडे भरण्यासाठी चपला बनवणे होय. मधल्या स्थितीत, आणि बहुतेक लहान विक्रेते याच स्थितीत असतात, सरसकट होय किंवा नाही असे न म्हणता ऑर्डरी निवडून घ्याव्या लागतात.

प्रीपेडवर सूट देण्यातील फसगत

ग्राहकांना प्रीपेडकडे वळवण्यासाठी सूट देण्याचा मार्ग अनेक जण प्रथम अवलंबतात. तो वाटतो तितका लाभाचा नसतो. समजा, शंभर ऑर्डरींपैकी तीस आधीपासूनच प्रीपेड आहेत आणि सत्तर सी.ओ.डी. केंद्राने प्रीपेडवर ५० रुपये सूट जाहीर केली. जे तीस ग्राहक सूट नसतानाही पैसे भरतच होते, त्यांना ती फुकट मिळाली. तेथे सुमारे १,५०० रुपये गेले.

सत्तरांपैकी वीस जण प्रीपेडकडे वळले असे धरू. प्रश्न हा की हे वीस कोण? ज्याला चप्पल खरोखर हवी आहे तोच सवलत पाहून पैसे भरतो. असे ग्राहक सी.ओ.डी.तही बहुधा पार्सल घेतलेच असते. त्यांपैकी दोघांनीच नाकारले असते असे मानले, तर सी.ओ.डी.त त्यांच्यापासून ३,०२० रुपये मिळाले असते. सूट देऊन प्रीपेडमध्ये, एक जोड पत्त्याअभावी परत आला असे धरता, २,८२० रुपये मिळतात. म्हणजे वळलेल्या ग्राहकांवरही तोटाच झाला. आणि मन पक्के नसलेले ग्राहक मात्र सी.ओ.डी.तच राहिले, त्यामुळे उरलेल्या सी.ओ.डी.तील परतीचे प्रमाण आणखी चढले.

सूट देण्यापेक्षा कुरिअर घेत असलेला ४० रुपयांचा सी.ओ.डी. आकार ग्राहकाला वेगळा दाखवून लावणे बरे. ९०० रुपये प्रीपेड आणि ९४० रुपये सी.ओ.डी. असे दोन दर ठेवले, तर आधीच्या प्रीपेड ग्राहकांवर काही गमवावे लागत नाही. ही किंमत प्रारंभीच स्पष्ट लिहिली पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिच्यातील वितरण व इतर आकारांची फोड करून दाखवावयाची असते. शेवटच्या पायरीवर अचानक वाढवलेला आकार नियमाला धरून नाही, आणि दारातल्या भांडणाला तो निमित्तही होतो. मात्र या चाळीस रुपयांनी मन पक्के नसलेला ग्राहक थांबत नाही, हेही ओळखून असावे. तो त्या क्षणी काहीच भरत नसतो.

पाठवण्यापूर्वीची चाळणी

नुकसान कमी करण्याची खरी जागा म्हणजे माल कुरिअरच्या हाती देण्यापूर्वीचा वेळ. पार्सल निघाल्यावर भाडे लागू झालेलेच असते.

पहिली चाळणी दूरध्वनीची. प्रत्येक सी.ओ.डी. ग्राहकाला ऑर्डर आल्यावर चोवीस तासांच्या आत फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: वस्तू व माप, पूर्ण पत्ता व जवळची खूण, कोणत्या दिवसांत घरी कोणी असेल, आणि अमुक रक्कम दारात द्यावयाची आहे हे मान्य आहे ना. दोन वेगवेगळ्या वेळी फोन करूनही उत्तर आले नाही तर संदेश पाठवून ऑर्डर थांबवावी. समजा, शंभरांपैकी बारा ऑर्डरी अशा थांबल्या. त्यांतील दहा परत येणाऱ्या होत्या आणि दोन चांगल्या ग्राहकांच्या होत्या. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींपैकी त्र्याहत्तर स्वीकारल्या गेल्या आणि पंधरा परत आल्या. हाती १०,८७० रुपये राहतात, म्हणजे पूर्वीपेक्षा १,६२० रुपये अधिक. दोन मिनिटांचा एक याप्रमाणे शंभर फोनांना साडेतीन तासांहून कमी वेळ लागतो. दोन चांगले ग्राहक गमावूनही ही चाळणी परवडते.

दुसरी चाळणी जुन्या व्ही.पी.च्या विक्रेत्यांची, म्हणजे अल्प आगाऊ रकमेची. ग्राहकाने १०० रुपये यू.पी.आय.ने आधी भरावेत आणि उरलेले ८०० दारात द्यावेत. शंभर सी.ओ.डी. ग्राहकांपैकी साठांनी ही रक्कम भरली आणि त्यांपैकी तिघांनीच पुढे पार्सल नाकारले असे धरू. सत्तावन्न जोडांचे १०,८३० रुपये, वजा तीन परतींचे ६००, वजा आगाऊ रकमांवरील गेटवेचा किरकोळ आकार, असे करून सुमारे १०,१०० रुपये राहतात. नाकारणाऱ्या तिघांना त्यांचे शंभर रुपये परत दिले असे या हिशेबात धरले आहे. म्हणजे फायदा त्या शंभर रुपयांपासून होत नाही. ते भरण्याच्या कृतीने इच्छुक व अनिच्छुक ग्राहक वेगळे होतात, त्यापासून होतो. शिवाय शंभराऐवजी साठच पार्सले पाठवावी लागली आणि वाटेत अडकलेला माल पंचवीस जोडांवरून तीनवर आला. मात्र रक्कम भरणारे पंचावन्नांपेक्षा कमी निघाले, तर ही चाळणी फोनविना केलेल्या सरसकट सी.ओ.डी.पेक्षाही तोट्याची ठरते. म्हणून ती सर्वांना न लावता निवडक ऑर्डरींना लावणे श्रेयस्कर. दोन किंवा अधिक जोडांची मागणी, मापाप्रमाणे खास बनवावयाचा जोड, पूर्वी एकदा पार्सल नाकारलेला ग्राहक आणि जेथून परती सातत्याने येतात असे पिनकोड, या चार ठिकाणी आगाऊ रक्कम मागावी. ज्या ग्राहकाने पूर्वी पार्सल स्वीकारले आहे, त्याला सी.ओ.डी. विनाअट द्यावी.

आगाऊ रक्कम राखून ठेवावयाची झाल्यास एका नियमाकडे लक्ष दिले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या नियमांनुसार, ऑर्डर पक्की झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केली म्हणून आकार घ्यावयाचा असेल, तर विक्रेत्याने एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यास तसाच आकार त्यानेही सोसावयास हवा. ‘रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापून ही जबाबदारी टळत नाही.

पत्ता आणि पिनकोड

दारातून परत येणाऱ्या सर्वच पार्सलांचा दोष ग्राहकाच्या मनाला देता येत नाही. ग्रामीण भागात पत्ता हेच मोठे कारण असते. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. एकाच नावाची गावे आणि वेगवेगळ्या भाषांतील पत्ते यांतून वाट काढणे हा त्या योजनेचा हेतू होता. परंतु पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो. एका पिनकोडात अनेक गावे, वाड्या व वस्त्या येतात. टपाल खात्याच्या पोस्टमनला माणसे ओळखीची असतात. कुरिअरचा वितरक तालुक्याच्या ठिकाणाहून येतो, त्याला ‘पाटील मळा’ एवढ्यावरून घर सापडत नाही.

म्हणून पत्त्यात गाव, वाडी किंवा वस्ती, तालुका, जिल्हा, शाळा, मंदिर किंवा ग्रामपंचायत कार्यालय यांपैकी एक खूण आणि दुसऱ्या व्यक्तीचा फोन क्रमांक असावा. पिनकोड आणि तालुका जुळतात की नाही हे बांधणीपूर्वी पाहावे. आपली कुरिअर कंपनी त्या पिनकोडात घरपर्यंत जाते की ग्राहकाला तिच्या कार्यालयात बोलावते, हेही तपासावे. घरपोच जात नसेल, तर तेथे टपाल खात्याच्या सेवेचा विचार करावा. बचत गटांना साहाय्य करणारे शिक्षक व पंचायत सदस्य याबाबतीत सहज हातभार लावू शकतात, कारण आसपासच्या वाड्यांची नावे व तालुके त्यांना पाठ असतात.

पार्सल निघाल्यानंतर

कुरिअरकडून वितरण न झाल्याचा शेरा रोज मिळतो. बहुतेक कंपन्या साधारणतः तीन वेळा प्रयत्न करतात आणि नंतर पार्सल परतीला लावतात. पहिल्या शेऱ्यानंतरचा दिवस सर्वांत मोलाचा. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसताच ग्राहकाला फोन करावा. आपल्याकडे कोणी आलेच नाही, फोनही आला नाही, असे त्याने सांगितले, तर शेरा खोटा असण्याचा संभव असतो. तीच तक्रार एकाच भागातील दोन-तीन ग्राहकांकडून आली, तर दोष ग्राहकांचा नसून त्या वितरण केंद्राचा आहे असे समजावे, कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि सुधारणा न झाल्यास त्या पिनकोडासाठी कुरिअर बदलावे. ग्राहक गावी गेला असेल, तर पुढील दिवस ठरवून कळवावा. पैसे सुटे नाहीत म्हणून अडले असेल, तर वितरकाकडे यू.पी.आय.ने भरता येते का ते विचारून सांगावे.

ऑर्डर आणि वितरण यांत जितके अधिक दिवस जातात, तितका ग्राहकाचा उत्साह ओसरतो आणि हाती ठेवलेली रक्कम दुसरीकडे खर्च होते. म्हणून सी.ओ.डी.साठी तयार माल ठेवावा. मागणीनंतर आठवडाभर बसून बनवावयाचे जोड प्रीपेड किंवा आगाऊ रकमेवरच घ्यावेत.

भाडे वाढवणारे खोके

परतीचा खर्च जाण्याच्या भाड्यावरच अवलंबून असल्याने भाडे कमी करणे हाही परतीवरचा उपाय आहे. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे अधिक त्यावर भाडे घेते. आकारमानाचे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला बहुधा ५,००० ने भागतात. ३२ × २० × १२ च्या खोक्याचे वजन या रीतीने दीड किलोच्या किंचित वर जाते आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे भाडे दोन किलोचे लागते, जरी आतला जोड किलोच्या आत असला तरी. तोच जोड एकमेकांसमोर बसवून ३० × १४ × १० च्या खोक्यात बांधला, तर वजन ०·८४ किलो येते आणि भाडे एका किलोचे पडते. ही बचत जाताना आणि परत येताना अशी दोन्ही वेळा होते. बांधलेल्या पार्सलाचे काट्यावरील वजन व मापपट्टीसह छायाचित्र ठेवले, तर बिलातील वजनाच्या वादात ते उपयोगी पडते.

मापाच्या परती

आता वापरातून होणाऱ्या परती. चपलांत यांचे मुख्य कारण माप. ‘सात नंबर’ प्रत्येक बनवणाऱ्याकडे सारखा नसतो. ग्राहकाला उभे राहून कागदावर पाऊल आखावयास सांगून टाच ते अंगठ्याचे टोक एवढे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे आणि आपल्या तक्त्याशी जुळवावे. कोल्हापुरी चप्पल प्रारंभी घट्ट वाटते आणि चामडे पायाला धरू लागले की सैल होते. ही गोष्ट पार्सलात छापील चिठ्ठीने सांगितली, तर पहिल्याच दिवशी परत पाठवण्याची घाई टळते. रक्कम परत देण्यापूर्वी माप बदलून देण्याची तयारी दाखवावी. त्यात दुहेरी भाडे जाते, परंतु विक्री टिकते.

सदोष, जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारखी अपरिहार्य कारणे तेवढी वगळली आहेत. तक्त्यातील माप आणि चपलेचे माप यांत फरक असेल, तर तो वर्णनातील दोषच होय. परत आलेले पार्सल उघडताना मात्र अखंड चित्रफीत घ्यावी. आत वापरलेला किंवा दुसराच जोड निघाल्यास तिच्याशिवाय दावा टिकणे कठीण.

प्रीपेडची पथ्ये

अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे देताना ग्राहकाला फसवणुकीची भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. ती घालवावयाची तर केंद्राचा खरा पत्ता, उत्तर मिळणारा फोन क्रमांक, चालू मालाची छायाचित्रे आणि ‘रक्कम इतक्या दिवसांत परत’ असे निश्चित वचन लागते. ते वचन एकदा मोडले, तर ग्राहक पुन्हा सी.ओ.डी.च मागतो.

विक्रेत्यानेही सावध असावे. ग्राहकाने पाठवलेले भरणा झाल्याचे चित्र हा पुरावा नव्हे. रक्कम खात्यात जमा झालेली पाहूनच माल पाठवावा. पैसे मिळण्यासाठी यू.पी.आय.चा गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे जो सांगतो, तो पैसे काढून घेत असतो.

वहीतील नोंद

हे सर्व निर्णय एका साध्या वहीवर उभे राहतात. दर ऑर्डरीची तारीख, पिनकोड, सी.ओ.डी. की प्रीपेड, फोनवर खात्री झाली की नाही, स्वीकारली की परत, आणि परत असल्यास खरे कारण, एवढ्याच नोंदी त्यात असाव्यात. कारण कुरिअरच्या शेऱ्यावरून न लिहिता ग्राहकाला विचारून लिहावे. महिनाअखेर सी.ओ.डी. व प्रीपेड यांची परतीची टक्केवारी वेगवेगळी काढावी. एखाद्या पिनकोडातून दोनच पार्सले गेली आणि एक परत आले, तर ‘शेकडा पन्नास’ असा निष्कर्ष काढू नये. वीस-पंचवीस पार्सलांखाली टक्केवारीला अर्थ नसतो. सणासुदीचे आणि पावसाळ्याचे महिने वेगळे पाहावेत.

चाळणी बदलताना एका वेळी एकच बदल करावा. या महिन्यात फोन, पुढच्या महिन्यात निवडक आगाऊ रक्कम, असे केले तरच कोणत्या उपायाने किती परती घटल्या ते वहीत दिसेल. त्यानंतर स्वीकारलेल्या जोडावरील नफा आणि परतीवरील तोटा हे दोन आकडे समोर ठेवून, किती ग्राहक टिकले तर सी.ओ.डी. बंद करणे परवडेल, हा वरचा भागाकार पुन्हा करावा. कुरिअरचा दर, चामड्याचा भाव किंवा विक्रीची किंमत यांपैकी काहीही बदलले की त्याचे उत्तर बदलते. म्हणून दर तीन महिन्यांनी तो नव्याने मांडणे आवश्यक आहे.